मांजराच्या पिल्लाला पहिल्यांदा दवाखान्यात नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतीच्या पार्किंगमध्ये, चाळीच्या जिन्याखाली किंवा मासळीबाजाराच्या मागे सापडलेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू घरी येतं, तेव्हाचे हे प्रश्न आहेत. मुंबईत बहुतेक मांजरं घरात येतात ती याच वाटेने, म्हणून उत्तरं अशाच पिल्लाला धरून दिली आहेत. मोठ्या मांजराबद्दलचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

पिल्लू खेळतंय, खातंय. लशीची वेळ झाली की नेलं तर चालणार नाही का?

नाही. पहिली फेरी तपासणीसाठी असते. लस द्यायची की थांबायचं हे त्या तपासणीवरून ठरतं. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात जंत आणि अंगावर पिसवा असतीलच असं धरून चाला. आईकडूनच गोलकृमी आलेले असतात, तेही बऱ्याचदा दुधातून. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवांनी प्यायला सुरुवात केली की आठ-दहा दिवसांत हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि तोवर पिल्लू खेळत असतं. त्यामुळे घरी आणल्यापासून दोन-तीन दिवसांत न्यावं.

काही लक्षणांत मात्र त्याच दिवशी, त्याच तासात निघायचं. पिल्लू अन्नाला तोंड लावत नाहीये, पुन्हा पुन्हा उलटी किंवा पाण्यासारखे जुलाब होतायत, अंग गार लागतंय, तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय किंवा हिरड्या पांढऱ्या दिसतायत, यातलं एकही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे साठवलेली ताकद फार थोडी असते. अर्धा दिवस उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरते आणि ते निपचित पडतं.

दवाखाना कसा निवडावा?

पहिल्या फेरीसाठी घराजवळचा दवाखाना सगळ्यात बरा, कारण पुढच्या दोन महिन्यांत तिथे निदान तीन-चार वेळा जायचं आहे. फोन करून तीन गोष्टी विचारा: डॉक्टर मांजरं नियमित पाहतात का, गर्दी कधी कमी असते, आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा आहे का. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्याचं कारण पुढे येईल. तपासणीची फी, लशीचे आणि विष्ठा-तपासणीचे पैसे वेगवेगळे धरतात का, हेही फोनवरच विचारून घ्या.

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’, एकोणिसाव्या शतकापासूनचं. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ मध्ये त्याच आवारात सुरू झालं. पिल्लू गंभीर आजारी असेल किंवा दाखल करावं लागलं, तर अशा मोठ्या रुग्णालयाचा पत्ता आणि वेळ आधीच लिहून ठेवलेली बरी. साध्या पहिल्या तपासणीसाठी मात्र लहान पिल्लाला शहर ओलांडून आजारी जनावरांच्या गर्दीत नेण्यात फायद्यापेक्षा धोकाच जास्त.

कशातून न्यायचं? पिशवी किंवा खोका चालेल का?

कापडी पिशवीत किंवा उघड्या खोक्यात नेऊ नका, आणि हातात धरून तर अजिबात नको. रिक्षाला दरवाजा नसतो. मागून बसने हॉर्न दिला की मांजर नखं रोवून खांद्यावर चढतं आणि तिथून रस्त्यावर उडी मारतं. कडक प्लास्टिकचा, वरचा अर्धा भाग सुटा होणारा कॅरियर घ्या. तपासताना वरचं झाकण काढलं की पिल्लू खालच्या भागात आपल्या टॉवेलवर बसून राहतं आणि डॉक्टर तिथेच बरंचसं तपासून घेतात. पुढून एकच जाळीचं दार असेल तर त्याला ओढून काढावं लागतं, आणि घाबरणं तिथूनच सुरू होतं.

घेतलेला कॅरियर दोन दिवस दार उघडं ठेवून घरात कोपऱ्यात राहू द्या. आत पिल्लू झोपतं तोच टॉवेल घाला आणि एखादं जेवण त्यातच ठेवा. निघण्याआधी दाराची खिट्टी आणि बाजूच्या क्लिपा हलवून पाहा. तळ निखळून पिल्लू पळाल्याचे प्रकार होतात, ते कॅरियर नुसत्या वरच्या मुठीने उचलल्यामुळे. एक हात तळाखाली हवाच.

रिक्षात किंवा टॅक्सीत कॅरियर मांडीवर आडवा धरा आणि वरून पातळ ओढणी टाका, हवा खेळती राहील एवढीच. पावसाळ्यात ओढणीवर प्लास्टिक टाकलंत तर पुढची जाळी मोकळी ठेवा. लोकलने जावंच लागलं तर दुपारची रिकामी गाडी धरा. संध्याकाळच्या गर्दीत कॅरियर सरळ धरायलाही जागा मिळत नाही.

निघण्याआधी उपाशी ठेवायचं का?

नाही. उपाशी ठेवायचं ते भूल द्यायची असेल तेव्हा, आणि तेही डॉक्टर सांगतील तेवढेच तास. साध्या तपासणीला नेताना दीड-दोन तास आधी नेहमीपेक्षा थोडं कमी खायला द्या. थोडं आवडतं खाणं डबीत बरोबर घ्या. सुई टोचताना नाकासमोर धरलं की बरीच पिल्लं तिकडेच लक्ष देतात.

बरोबर काय काय न्यायचं?

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे ताजी शी. त्याच दिवशीची, शक्यतो बारा तासांच्या आतली, हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढी, घट्ट झाकणाच्या डबीत. चिकटलेली थोडी वाळू असली तरी बिघडत नाही. रात्रीची असेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. जंतांची अंडी रोजच्या रोज पडत नाहीत, म्हणून एकदा काही दिसलं नाही याचा अर्थ पोट साफ आहे असा होत नाही. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ असूनही डॉक्टर जंतांचं औषध देतात ते यामुळेच.

दुसरी गोष्ट माहितीची. पिल्लू कधी आणि कुठे सापडलं, आई आणि भावंडं दिसली का, घरात आल्यापासून काय खाल्लं, शी कशी होते, आधी कोणी काही औषध दिलं का, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. खोकला, शिंका, लंगडणं यांचा व्हिडिओ काढा, कारण टेबलावर गेल्यावर मांजर ही लक्षणं दाखवेलच असं नाही. खाण्याच्या पाकिटाचा आणि आधीच्या औषधांच्या लेबलांचा फोटो घ्या.

शेजारच्यांच्या सांगण्यावरून कुत्र्याची पिसवांची पावडर किंवा मानेवर टाकायचं औषध लावलं असेल तर ते न लाजता आधी सांगा. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, आणि काही तासांत अंगाला थरथर सुटून झटके येतात. तापावर पॅरासिटामॉल दिलं असेल तर तेही लगेच सांगा. मांजराला त्याची अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते.

वाट पाहताना काय करायचं?

कॅरियर जमिनीवर ठेवू नका, शेजारच्या कुत्र्याचं नाक थेट जाळीला येतं. मांडीवर किंवा बाकावर ठेवून त्याचं तोंड भिंतीकडे करा. दुसऱ्या मांजराच्या कॅरियरशी नाकाला नाक लावू देऊ नका. सर्दीचे विषाणू शिंकेतून आणि हातांमधूनही पसरतात.

डॉक्टर नेमकं काय काय तपासतात?

चांगला डॉक्टर हात लावण्याआधी थोडा वेळ नुसता बघतो: पिल्लू कसं बसलंय, छाती किती वेगाने हलतेय, चालताना पाय नीट टाकतंय का. मग वजन. मग ताप, तोही गुदद्वारातून. मांजराचं नेहमीचं तापमान ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसापेक्षा जास्तच. भीतीने ते थोडं वर जातं, त्यामुळे ३९.४ दिसलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

तोंड उघडून हिरड्यांचा रंग पाहतात. हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. टाळूला चीर आहे का हेही तेव्हाच कळतं. दातांवरून वयाचा अंदाज येतो: पुढचे छोटे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, पाठोपाठ सुळे, आणि दुधाच्या दाढा आठव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतात. पुढचे पक्के दात साडेतीन-चार महिन्यांशिवाय येत नाहीत. आकारावरून वय सांगणं फसवं असतं, कारण उपाशी वाढलेलं अडीच महिन्यांचं पिल्लू दीड महिन्याचं दिसतं.

डोळ्यांत पू आहे का, नाक वाहतंय का, जिभेवर फोड आहेत का, यावरून मांजरांच्या सर्दीचा अंदाज येतो. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ असेल तर बहुधा कानातले किडे. केसांत बारीक फणी फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकतात. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. गोल टक्कल दिसलं तर गजकर्णाचा संशय येतो. ते माणसांनाही होतं, म्हणून घरातल्या कोणाच्या हातावर गोल चट्टा उठलाय का, असं डॉक्टरांनी विचारलं तर दचकू नका.

त्यानंतर स्टेथोस्कोपने छाती ऐकतात. पिल्लांत कधी कधी सौम्य मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येते आणि वाढत्या वयात जाते. ‘पुढच्या फेरीला पुन्हा ऐकू’ असं सांगितलं तर ते योग्यच आहे. पोट चाचपताना जंतांनी फुगलेली आतडी आणि बेंबीचा हर्निया कळतो. शेवटी शेपटी उचलून नर की मादी पाहतात. हे सगळं नीट केलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. कॅरियर न उघडताच कोणी सुई भरायला घेतली, तर ‘आधी तपासून घ्याल का?’ असं म्हणायला संकोच करू नका.

वजनावर एवढा भर का?

कारण जवळजवळ प्रत्येक औषधाचा डोस वजनावर ठरतो. चार किलोच्या मांजरासाठी बनवलेली जंतांची गोळी ६४० ग्रॅमच्या पिल्लाला द्यायची तर तिचा सहावा भागही पुरून उरतो. अंदाजाने अर्धी दिली तर तिप्पट डोस झाला. शिवाय वाढ चालू आहे की नाही हे सांगणारा पहिला आकडा तोच. साधारण आठवड्याला शंभर ग्रॅम असा ठोकताळा आहे. घरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून रोज एकाच वेळी वजन करता येतं, आणि सलग दोन दिवस वजन उतरलं तर बाकी काही दिसत नसलं तरी फोन करावा.

एका पिल्लाचं उदाहरण देऊन सांगाल?

समजा ३ ऑगस्टला गिरगावातल्या एका चाळीतून एक भाटी आली. वजन ६४० ग्रॅम, सुळे पूर्ण, मागच्या दाढा नुकत्याच वर येतायत, म्हणजे वय साधारण सात आठवडे. ताप ३८.६. हिरड्या फिक्या गुलाबी, फणीत पिसवा, पोट टम्म, शीमध्ये गोलकृमींची अंडी, एका डोळ्यात थोडा चिकट स्राव.

त्या दिवशी तिला लस मिळत नाही. जंतांचं औषध वजनाप्रमाणे मिळतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं ठरतं, कारण औषध पोटातल्या मोठ्या जंतांना मारतं आणि शरीरात फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात येतात. मानेवर टाकायची पिसवांची बरीच औषधं आठ आठवड्यांच्या आत चालत नाहीत, म्हणून तोवर फणी आणि तिच्या वयाला चालणारं, डॉक्टरांनी दिलेलंच औषध. डोळ्यात थेंब.

१३ ऑगस्टला ती ७९० ग्रॅमची होते, डोळा स्वच्छ, हिरड्या गुलाबी. आता पहिली तिहेरी, म्हणजे तीन आजारांवरची लस मिळते. दुसरी ७ सप्टेंबरला, बाराव्या आठवड्यात, तेव्हाच रेबीजची. तिसरी तिहेरी ५ ऑक्टोबरला, सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. दहा दिवस उशीर झाला म्हणून काही बिघडलं नाही. अशक्त, जंतांनी भरलेल्या शरीरात लस दिली असती तर ती नीट लागू पडली असती का, हीच शंका राहिली असती.

तीन डोस कशाला? दोन झाले की पुरे असं अनेक जण म्हणतात.

आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला तयार संरक्षण मिळतं. ते रक्तात असेपर्यंत लशीतल्या विषाणूलाही निकामी करतं, म्हणजे लस टोचली जाते पण शरीर काहीच शिकत नाही. हे उसनं संरक्षण कोणाचं आठव्या आठवड्यात संपतं, कोणाचं चौदाव्या-पंधराव्यात, आणि बाहेरून ते कळत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत डोस देत राहतात, म्हणजे एक तरी योग्य वेळी पडतो. दहाव्या-बाराव्या आठवड्यात थांबलात तर लसीकरणाचं कार्ड भरलेलं दिसेल, पण पिल्लू उघडंच असेल. तिहेरी लशीतला एक आजार पॅनल्यूकोपेनिया आहे, आणि त्यात लहान पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात.

प्रत्येक लशीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या आणि तारीख, सही पाहा. टोचल्यावर वीस-तीस मिनिटं दवाखान्याजवळच थांबा. तोंड सुजणं, उलटी, धाप ही लक्षणं बहुधा त्या वेळात दिसतात. एक दिवस सुस्ती चालते. टोचल्या जागी छोटी गाठ येऊन विरते. ती तीन महिन्यांहून जास्त टिकली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढत राहिली, तर दाखवायलाच हवी.

रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी का?

घरात आधीचं मांजर असेल तर ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, यांची चाचणी विचारा. थेंबभर रक्तात होते. मात्र एफआयव्हीची चाचणी प्रतिपिंडं शोधते, आणि पिल्लात ती आईकडून आलेली असू शकतात. सहा महिन्यांच्या आत ‘पॉझिटिव्ह’ आलं तर घाईने काही ठरवू नका, सहा महिन्यांनंतर पुन्हा करा.

निकाल काहीही असो, नवीन पिल्लू निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी आणि वेगळी लिटरपेटी देऊन ठेवा. त्या खोलीत फिनाईलने फरशी पुसू नका: ते मांजराला विषारी आहे, आणि पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू त्याने खात्रीने मरतोच असं नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून वाळल्यावरच पिल्लाला आत सोडायचं.

दूधपोळी देतो, कधी बोंबील. चालेल ना?

डॉक्टर हे विचारतीलच, आणि खरं उत्तर द्या. गाईच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात, आणि पोळीतून त्यांना हवं ते मिळत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराला मांस-मासळीतूनच घ्यावं लागतं. खारवलेला सुका बोंबील फार खारट असतो.

त्याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे नुसतं उकडलेलं चिकन. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. महिना-दीड महिना तेवढ्यावरच वाढलेलं पिल्लू उडी मारायला कचरतं, पाठीला हात लावला की ओरडतं, आणि एखाद्या साध्या उडीत त्याचं हाड मोडतं. कारण रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांमधून ते काढत असतं. पिल्लांसाठीचं तयार अन्न दिवसातून चार वेळा, आणि चिकन वरून चवीपुरतं, हा सोपा मार्ग आहे. घरचंच द्यायचं असेल तर कॅल्शियम किती मिसळायचं ते डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या.

निघताना डॉक्टरांना काय विचारायचं?

पुढची तारीख आणि त्या दिवशी काय करणार. प्रत्येक औषध किती मिलिलिटर, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, आणि उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का. सुईविना सिरिंजवर डोसची खूण करून घ्या. रात्री बिघडलं तर कुठे जायचं. नसबंदी कधी: भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, त्यामुळे तारीख आत्ताच बोलून ठेवा. आणि खिडक्यांना जाळी कशी हवी. ग्रिलच्या गजांमधून पिल्लू सहज बाहेर पडतं, आणि मुंबईत वरच्या मजल्यांवरून पडलेली मांजरं दवाखान्यात येतच असतात.

पिल्लाने ओरबाडलं किंवा चावलं तर?

वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तेल काही लावू नका. त्याच दिवशी जवळच्या पालिका रुग्णालयात दाखवा. रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाबाबत ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका. पिल्लाला लस दिली म्हणून तुमचं इंजेक्शन टळत नाही.

मोठं मांजर पहिल्यांदाच नेतोय आणि ते फारच बिथरतं. काय करावं?

तपासणी साधारण तीच, दात आणि मूत्रपिंडाकडे जास्त लक्ष. कॅरियरची सवय आठवडाभर आधीपासून लावा. तरीही ते कोणाला हात लावू देत नसेल तर डॉक्टरांशी आधी फोनवर बोला. घरून निघण्यापूर्वी द्यायचं गॅबापेंटिनसारखं औषध ते वजन पाहून लिहून देऊ शकतात. माणसाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा मात्र कधीही देऊ नका. आणि मोठा बोका पुन्हा पुन्हा लिटरपेटीत बसून कुंथतोय, पण लघवीचा थेंब पडत नाहीये, तर हे लिखाण बाजूला ठेवून आत्ताच निघा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तो एक-दोन दिवसांत मरू शकतो.